साबण आणि ‘तो’ साबण: तुर्कीच्या दोन प्रत्ययांची गोष्ट

इस्तंबूलच्या जुन्या वस्त्यांत अजून गल्लोगल्ली किराणा दुकानं आहेत. तुर्कीत अशा दुकानाला आणि ते चालवणाऱ्यालाही ‘बाक्काल’ म्हणतात. वरच्या मजल्यावरच्या बाईने खिडकीतून दोरीला बांधलेली टोपली खाली सोडायची, दुकानदाराने त्यात पाव आणि दूध ठेवायचं आणि टोपली पुन्हा वर ओढून घ्यायची, हा प्रकार तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तुर्की शिकणाऱ्याला बाक्कालच्या दुकानाइतकी चांगली शाळा मिळणं कठीण. काय हवं आणि ते कुठे आहे, या दोनच गोष्टी तिथे सतत बोलल्या जातात आणि दोन्हींसाठी तुर्कीत एकेक प्रत्यय आहे. पहिला द्वितीयेचा, दुसरा सप्तमीचा.

खाली अशाच एका दुकानातला छोटा संवाद दिला आहे. तुर्की लिपी १९२८पासून रोमन आहे. इथे उच्चार देवनागरीत दिले असल्यामुळे दोन खुणा आधी समजून घ्याव्या लागतील. तुर्कीत टिंब नसलेला एक ‘आय’ असतो. ओठ न गोलावता केलेला तो आखूड, पुसट स्वर आपल्या ‘अ’च्या जवळपास जातो. तो ‘ऽ’ या चिन्हाने दाखवला आहे आणि शब्दाच्या शेवटी आला तरी गिळायचा नाही. दुसरी खूण ‘स्यु’ची. ‘इ’ म्हणताना ओठ ‘उ’सारखे गोल केले की जो स्वर निघतो, त्यासाठी देवनागरीत अक्षर नाही, म्हणून ‘यु’वर भागवलं आहे.

गिऱ्हाईक: कोलाय गेलसिन. पेयनिर वार मऽ? (काम सुखाचं होवो. चीज आहे का?)

दुकानदार: वार. दोलापता. (आहे. कपाटात.)

गिऱ्हाईक: शु पेयनिरी आलायऽम. एकमेक नेरेदे? (ते चीज घेते. पाव कुठे आहे?)

दुकानदार: एकमेक सेपेत्ते. (पाव टोपलीत आहे.)

गिऱ्हाईक: एकमेई आलदऽम. आमा साबुनू बुलामादऽम. (पाव घेतला. पण साबण सापडला नाही.)

दुकानदार: साबुन आल्त राफता. (साबण खालच्या फळीवर आहे.)

गिऱ्हाईक: बुलदुम. शु स्युत्यू दे आलायऽम. (सापडला. ते दूधही घेते.)

दुकानदार: ताबीई. पारायऽ कासादा आलायऽम. (हो, घ्या ना. पैसे गल्ल्यावर घेतो.)

आणि बाई दाराशी पोचल्यावर मागून हाक येते:

दुकानदार: आबला, आनाहतारऽ तेझग्याहता उनुत्तुनुझ! (ताई, किल्ली काउंटरवर विसरलात!)

या संवादात ‘पेयनिर’ दोनदा येतं. पहिल्यांदा नुसतं ‘पेयनिर’, दुसऱ्यांदा ‘पेयनिरी’. ‘साबुन’चंही तसंच, एकदा ‘साबुनू’ आणि एकदा ‘साबुन’. मराठी भाषांतरात मात्र दोन्ही वेळा ‘चीज’ आणि दोन्ही वेळा ‘साबण’च आहे. मराठी माणूस तुर्की शिकताना सगळ्यात जास्त इथेच अडखळतो, म्हणून सुरुवात इथूनच करायला हवी.

शाळेच्या व्याकरणात आपण द्वितीयेचे प्रत्यय ‘स, ला, ते’ असे पाठ केलेले असतात. पण रोजच्या बोलण्यात कर्माला ‘ला’ कधी लागतो? ‘मुलाला बोलव’ म्हणतो, ‘गाईला बांध’ म्हणतो, पण ‘साबणाला आण’ कोणी म्हणत नाही. म्हणजे मराठीतला ‘ला’ मुख्यतः कर्म सजीव आहे की निर्जीव हे पाहतो. तुर्कीला या भेदाशी घेणंदेणं नाही. तिचा प्रश्न वेगळाच आहे: ज्या वस्तूबद्दल बोलणं चाललंय ती नेमकी कोणती, हे बोलणाऱ्याच्या मनात ठरलेलं आहे का? ठरलेलं असेल तर कर्माला प्रत्यय लागतो, मग ते कर्म माणूस असो, गाय असो की साबण. ठरलेलं नसेल तर कर्म उघडंच राहतं.

म्हणून ‘साबुन बुलामादऽम’ आणि ‘साबुनू बुलामादऽम’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिलीचा अर्थ, ‘मला साबणच मिळाला नाही’, म्हणजे कुठलाच साबण दिसला नाही. दुसरीचा अर्थ, ‘तुमच्याकडे साबण असतो हे मला ठाऊक आहे, तो कुठे ठेवलाय ते सापडत नाही.’ पहिलं वाक्य ऐकून दुकानदाराला वाटेल की बाई माल नसल्याचं सांगताहेत. दुसरं ऐकून तो सरळ फळी दाखवतो. संवादातल्या दुकानदारानेही तेच केलं.

पहिल्या ओळीतल्या ‘पेयनिर वार मऽ?’मध्ये चीज हे कर्म नाही, ‘आहे का’ या प्रश्नाचा तो कर्ता आहे. त्याला द्वितीयेचा प्रत्यय लागण्याचा प्रश्नच येत नाही. ‘एकमेक नेरेदे?’ आणि ‘साबुन आल्त राफता’मध्येही तसंच. हा मुद्दा नीट धरून ठेवला पाहिजे, कारण प्रत्यय लागायला दोन अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात: शब्द कर्म हवा आणि तो नेमका हवा. नेमकेपणा कितीही असला, तरी शब्द कर्ता असेल तर हा प्रत्यय येत नाही.

‘शु पेयनिरी’तल्या ‘शु’चा अर्थ ‘ते तिकडचं’. कर्माच्या आधी ‘बु’ (हे), ‘शु’ (ते समोरचं) किंवा ‘ओ’ (ते) आला की वस्तू नेमकी झालीच आणि मग प्रत्यय लावावाच लागतो. ‘शु पेयनिर आलायऽम’ हे तुर्की कानाला चुकीचं लागतं. उलट ‘बिर एकमेक आलायऽम’ म्हणजे ‘एक पाव घेते’, त्यात कोणताही पाव चालतो, म्हणून प्रत्यय नाही. नवशिक्याला ही खूण फार कामाची आहे. बोटाने दाखवताय? मग प्रत्यय लावा.

हा नेमकेपणा किती बारकाईने काम करतो, हे भाषाशास्त्रज्ञ मुर्वेत एन्च यांनी १९९१मध्ये एका गाजलेल्या लेखात दाखवलं. त्यांचं उदाहरण थोडक्यात असं. ‘माझ्या खोलीत काही मुलं आली’ हे पहिलं वाक्य. मग ‘इकी कऽझऽ तानऽयोरदुम’, म्हणजे ‘मी दोन मुलींना ओळखत होते’. ‘कऽझ’ला (मुलगी) प्रत्यय लागला आहे, म्हणून त्या दोन मुली खोलीत आलेल्या घोळक्यातल्याच. प्रत्यय काढून ‘इकी कऽझ तानऽयोरदुम’ म्हटलं, तर त्या दोघी त्या घोळक्यातल्या नाहीत, कुठल्या तरी वेगळ्याच. मराठीत हे सांगायला ‘त्यातल्या दोघींना’ असा जादा शब्द घालावा लागतो. तुर्कीचं काम एका स्वरात होतं.

आता प्रत्यय बनतो कसा ते पाहू. संवादात तो चार रूपांत आला आहे: पेयनिरी, साबुनू, स्युत्यू, आनाहतारऽ. प्रत्यय एकच आहे, आधीच्या शब्दातला शेवटचा स्वर पाहून तो आपला रंग बदलतो. तुर्कीत आठ स्वर आहेत आणि तिथल्या शाळेत त्यांचे दोन गट शिकवतात, ‘जाड’ आणि ‘बारीक’. आ, ऽ, ओ, उ हे जाड स्वर जिभेच्या मागच्या भागातून निघतात. ए, इ आणि ओठ गोल केलेले ‘यो’, ‘यु’ हे बारीक स्वर पुढून निघतात. द्वितीयेचा प्रत्यय दोन गोष्टी पाहतो: आधीचा स्वर जाड की बारीक, आणि तो म्हणताना ओठ गोल होतात की नाही. ‘पेयनिर’चा शेवटचा स्वर ‘इ’, बारीक आणि ओठ सपाट, म्हणून ई. ‘साबुन’मध्ये ‘उ’, जाड आणि गोल, म्हणून ऊ. ‘स्युत’चा स्वर बारीक आणि गोल, म्हणून तसाच ‘यू’. ‘आनाहतार’मध्ये ‘आ’, जाड आणि सपाट, म्हणून ‘ऽ’. शब्द तोंडाची जी ठेवण करून ठेवतो, प्रत्यय तिच्यातच बसतो. मोठ्याने म्हणून पाहिलं तर ‘साबुनू’ सहज निघतं आणि ‘साबुनी’ म्हणताना तोंड अडखळतं.

शब्द स्वरात संपत असेल तर दोन स्वर एकमेकांवर आदळू नयेत म्हणून मध्ये ‘य’ येतो. ‘पारा’ (पैसे) अधिक ऽ, म्हणजे ‘पारायऽ’. यात घोळ होण्यासारखं काही नाही.

घोळ होतो तो शब्दाच्या शेवटच्या व्यंजनाशी. ‘एकमेक’ला प्रत्यय लागला की ‘एकमेकी’ व्हायला हवं, पण होतं ‘एकमेई’. एकाहून अधिक अक्षरांच्या बहुतेक शब्दांत शेवटचा ‘क’ स्वरापुढे इतका मऊ पडतो की जवळजवळ विरून जातो. ‘प’चा ‘ब’ होतो. ‘हेसाप’ म्हणजे हिशेब किंवा बिल. इस्तंबूलच्या हॉटेलात बिल मागताना म्हणतात, ‘हेसाबऽ आलाबिलिर मियिम?’ (बिल मिळेल का?) अरबीतून आलेला हा शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे ‘हिशेब’ होऊन आला. मराठी माणसाला त्यातला ‘ब’ ओळखीचा वाटतो, कारण मूळ शब्दात ‘ब’च आहे. तुर्कीत शब्दाच्या शेवटी तो ‘प’ होतो आणि पुढे स्वर आला की आपल्या मूळ रूपात परततो. ‘दोलाप’चंही ‘दोलाबऽ’ होतं.

मग ‘स्युत’चं ‘स्युद्यू’ का होत नाही? कारण एका अक्षराचे शब्द बहुधा मऊ पडत नाहीत. ‘सेपेत’ दोन अक्षरांचा असूनही ‘सेपेती’च राहतो, आणि ‘जेप’ (खिसा) एका अक्षराचा असूनही ‘जेबी’ होतो. इथे नियमाची मर्यादा येते. कोणता शब्द मऊ पडतो, हे शब्दकोशातच पाहावं लागतं. परक्या भाषांतून आलेले काही शब्द स्वरांचा नियमही मोडतात. ‘साआत’ म्हणजे घड्याळ, वेळ. त्यातला शेवटचा स्वर ‘आ’, पण द्वितीयेत ‘साआतऽ’ न होता ‘साआती’ होतं, आणि पुढे सप्तमीतही ‘साआत्ते’.

सप्तमीचा प्रत्यय यापेक्षा सरळ आहे. तो ओठांकडे पाहत नाही, फक्त जाड की बारीक एवढंच पाहतो: जाड असेल तर ‘दा’, बारीक असेल तर ‘दे’. ‘कासा’पुढे (गल्ला) ‘दा’, ‘नेरे’पुढे (कुठली जागा) ‘दे’. पण संवादात ‘दोलापता’, ‘राफता’, ‘सेपेत्ते’, ‘तेझग्याहता’ असे ‘त’ही दिसतात. शब्द ज्या व्यंजनात संपतो ते अघोष असेल, म्हणजे कंठाचा नाद न करता निघत असेल, तर ‘द’सुद्धा आपला नाद सोडून ‘त’ होतो. अशी व्यंजनं आठच: फ, स, त, क, च, श, ह, प. ती लक्षात राहावीत म्हणून तुर्की मुलं एक नाव पाठ करतात: ‘फऽसतऽकचऽ शाहाप’, म्हणजे ‘पिस्तेवाला शाहाप’. नावातली व्यंजनं ओळीने मोजली की आठही मिळतात. दोलाप ‘प’वर संपतो, सेपेत ‘त’वर, राफ ‘फ’वर, तेझग्याह ‘ह’वर. चारही पिस्तेवाल्याच्या यादीतले, म्हणून चौघांपुढे ‘त’.

या प्रत्ययाची सुरुवात व्यंजनाने होते, त्यामुळे ‘दोलाप’चा ‘प’ इथे मऊ पडत नाही. एकाच शब्दाची ‘दोलाबऽ’ आणि ‘दोलापता’ अशी दोन रूपं होतात. मराठीत ‘घोडा’चं ‘घोड्याला’ आणि ‘घोड्यात’ होताना दोन्हीकडे ‘घोड्या’ हे सामान्यरूप सारखं राहतं, तशी सवय घेऊन तुर्कीत गेलं तर ‘दोलाबदा’ म्हटलं जातं आणि ते चूक ठरतं. तुर्कीत सामान्यरूप नाही, मूळ शब्दालाच प्रत्यय चिकटतो.

अर्थाच्या बाजूने पाहिलं तर मराठीच्या ‘त’पेक्षा तुर्कीचं ‘दा’ काही बाबतींत ऐसपैस आहे आणि एका बाबतीत फार काटेकोर. फळीवर, काउंटरवर, गल्ल्यावर, टोपलीत, कपाटात: मराठीत ‘वर’ आणि ‘त’ असे दोन शब्द लागले, तुर्कीने सगळीकडे एकच प्रत्यय चालवला. वस्तू फळीवर असते आणि टोपलीत असते, हे ऐकणाऱ्याला कळतंच. माणसालाही हा प्रत्यय लागतो. ‘बेन’ म्हणजे मी, ‘बेन्दे’ म्हणजे माझ्याकडे. ‘बेन्दे बोझुक योक’ म्हणजे ‘माझ्याकडे सुटे नाहीत’.

काटेकोरपणा दिसतो तो हालचाल आली की. मराठीत ‘साबण पिशवीत आहे’ आणि ‘साबण पिशवीत टाकला’, दोन्हीकडे ‘पिशवीत’. तुर्कीत पहिलं ‘साबुन चान्तादा’, पण दुसरं ‘साबुनू चान्ताया कोयदुम’. वस्तू जिथे आहे तिथे सप्तमी, वस्तू जिकडे जाते तिकडे चतुर्थी. ‘दुकानात आहे’साठी ‘द्युक्क्यान्दा’, ‘दुकानात जाते’साठी ‘द्युक्क्याना’. मराठी भाषक ‘चान्तादा कोयदुम’ म्हणून बसतात, कारण त्यांच्या ‘त’ने दोन्ही कामं आयुष्यभर केलेली असतात. ही चूक पकडायची सोपी कसोटी म्हणजे ‘कुठे आहे?’ विचारून पाहणं. उत्तर बसलं तर ‘दा’. प्रश्न ‘कुठे नेलं, कुठे ठेवलं, कुठे गेलं?’ असा असेल तर ‘दा’ चालत नाही.

संवादात आणखी एक ‘दे’ लपलेला आहे: ‘शु स्युत्यू दे आलायऽम’. हा सप्तमीचा नव्हे. हे आपल्या ‘ही’सारखं अव्यय आहे, ‘दूधही घेते’ मधलं. ते ‘दा’ किंवा ‘दे’ होतं, पण अघोष व्यंजनापुढेसुद्धा त्याचं ‘ता’, ‘ते’ कधीच होत नाही, आणि लिहिताना ते शब्दापासून तोडून लिहितात. सप्तमीचा प्रत्यय मात्र जोडून. एका मोकळ्या जागेने अर्थ पालटतो. ‘एव्दे योक’ म्हणजे ‘घरात नाही’. ‘एव दे योक’ म्हणजे ‘घरही नाही’. बोलताना फरक आघातावरून कळतो: सप्तमीच्या प्रत्ययावर आघात येतो, अव्ययावर येत नाही. लिहिताना खुद्द तुर्की लोकही इथे सर्रास चुकतात आणि त्यावरून एकमेकांना टोकतात. शाळेतली कसोटी अशी की ‘दे’ काढून वाक्य वाचायचं. ‘स्युत्यू आलायऽम’ हे वाक्य उभं राहतं, म्हणून तिथला ‘दे’ वेगळा. ‘साबुन आल्त राफ’ हे उभं राहत नाही, म्हणून तिथला ‘ता’ जोडलेला.

शेवटच्या ओळीत दोन्ही प्रत्यय एकत्र आले आहेत. ‘आनाहतारऽ तेझग्याहता उनुत्तुनुझ’: किल्ली नेमकी, कारण ती ताईंची आणि आत्ताच दिसलेली, म्हणून ‘ऽ’; काउंटर ही जागा, म्हणून ‘ता’; आणि क्रियापदाच्या शेवटचा ‘नुझ’ आदराचा, आपल्या ‘विसरलात’मधल्या ‘त’सारखा. इथे एक सावधगिरी हवी. नुसत्या ‘आनाहतारऽ’चा अर्थ ‘त्याची किल्ली’ असाही होतो, कारण ‘त्याचा, तिचा’ दाखवणारा प्रत्यय व्यंजनान्त शब्दांपुढे दिसायला अगदी असाच असतो. ‘आनाहतारऽ कायऽप’ म्हणजे ‘त्याची किल्ली हरवलीय’. तिथे किल्ली कर्ता आहे, तेव्हा तो स्वर द्वितीयेचा असूच शकत नाही. शब्दाकडे एकटं पाहून हे कळणार नाही, वाक्याच्या शेवटी बसलेलं क्रियापद येईपर्यंत थांबावं लागतं. मराठी वाचकाला याची सवय आहे, आपलंही क्रियापद शेवटीच येतं.

ज्यांना तुर्की शिकायची आहे त्यांनी एक करावं. वहीत कुठलंही नाम एकटं लिहू नये, तीन रूपांत लिहावं: दोलाप, दोलाबऽ, दोलापता, एकमेक, एकमेई, एकमेक्ते, सेपेत, सेपेती, सेपेत्ते, साबुन, साबुनू, साबुन्दा. कोणता शब्द मऊ पडतो आणि कोणता नाही, हे नियमापेक्षा अशा तिकड्यांतून लवकर तोंडात बसतं, आणि बाक्कालच्या दुकानात उभं राहिल्यावर शब्दकोश उघडायला वेळ नसतो.